४४ माणसे, खरे चलन आणि रिकामे पीएफ खाते : धुळ्यातील एका रुग्णालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

धुळे शहरात एका विश्वस्त संस्थेचे सुमारे सत्तर खाटांचे रुग्णालय आहे. डॉक्टर, परिचारिका आणि कार्यालयातली माणसे संस्थेच्या स्वतःच्या हजेरीपटावर आहेत. सफाई आणि सुरक्षा मात्र २०२१ च्या जुलैपासून एका बाहेरच्या एजन्सीकडे दिली होती. सफाई कामगार, आया आणि वॉर्डबॉय मिळून ३१ जण आणि गेटवर १३ सुरक्षारक्षक, असे एकूण ४४. एजन्सीचे मुख्य कार्यालय दुसऱ्या जिल्ह्यात होते. धुळ्यात तिचा एक सुपरवायझर असे आणि रोजचा सगळा व्यवहार त्याच्यामार्फत चाले.

या प्रकरणात रुग्णालयाने मला कामगार कायद्याचा सल्लागार म्हणून बोलावले ते २०२३ च्या एप्रिलमध्ये, वाद पेटल्यानंतर. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि हिशेब सहज कळावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत. घटनाक्रम आहे तसाच ठेवला आहे.

कराराची सुरुवात निविदेपासून झाली. दोन दर गंभीरपणे विचारात घेतले गेले. धुळ्यातल्याच एका ठेकेदाराने माणशी महिना १६,८०० रुपये मागितले, तर बाहेरच्या एजन्सीने १३,०००. दोन्ही दर जीएसटी सोडून होते. मनुष्यबळ पुरवठ्याच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. रुग्णसेवेवर कर नसल्यामुळे रुग्णालयाला त्याची वजावट मिळत नाही, म्हणून दर जितका मोठा तितका करही खिशातून जातो. विश्वस्तांनी १३,००० चा दर स्वीकारला. करारात एक कलम ठळक अक्षरांत घातले: कामगारांचे वेतन, पीएफ, ईएसआय, बोनस ही सर्व देणी एजन्सीची राहतील, रुग्णालयाचा त्याच्याशी संबंध राहणार नाही. एजन्सीकडून तीन लाख रुपये अनामतही घेतली. प्रशासक साहेबांना वाटले की बाजू पक्की बांधली गेली.

दर पाहूनच काय कळायला हवे होते

या प्रकरणाचे मूळ त्या १३,००० रुपयांत आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

महाराष्ट्रात रुग्णालय हा किमान वेतनाच्या अनुसूचीतला उद्योग आहे. मूळ दर आणि दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता मिळून जी रक्कम होते, तिच्या खाली कोणालाही वेतन देता येत नाही. या हिशेबासाठी ती महिना १२,००० रुपये धरू. त्यावर मालकाचा पीएफ हिस्सा १२ टक्के, आणि विमा व प्रशासन खर्च मिळून आणखी १ टक्का, म्हणजे १,५६० रुपये. ईएसआयचा मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ३९० रुपये. बोनस किमान ८.३३ टक्क्यांनी महिन्याला साधारण १,००० रुपये. बेरीज १४,९५० होते.

यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी लागणारा बदली माणूस धरलेला नाही. रजेचे वेतन नाही, गणवेश नाही, झाडू-फिनाइल नाही, सुपरवायझरचा पगार नाही आणि एजन्सीचा स्वतःचा नफाही नाही. रुग्णालय तर महिन्याचे तीसही दिवस चालते. त्यामुळे १६,८०० चा दर महाग नव्हता, कायदा पाळून जेमतेम बसणारा होता. १३,००० मध्ये काम घेणाऱ्या एजन्सीला दर माणशी किमान १,९५० रुपये कुठून तरी वाचवणे भाग होते. वाचवण्याची जागा एकच होती, कामगारांचे हक्काचे पैसे.

दर मंजूर करताना कोणी ही बेरीज मांडली असती, तर पुढचे बरेच टळले असते. पण निविदेच्या कागदावर दराचे घटक वेगळे मागितलेच नव्हते. ‘सर्व समावेशक दर’ एवढा एकच रकाना होता.

अडचण कशी उघडी पडली

पहिली ठिणगी पडली ती रुग्णालयातल्या सगळ्यात जुन्या आयेमुळे. सगळे त्यांना आक्का म्हणत. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून उचल घ्यावी म्हणून त्यांनी भाच्याला मोबाइलवर पासबुक उघडायला लावले. त्यात मोजक्याच महिन्यांच्या नोंदी होत्या. मोबाइल घेऊन त्या थेट कार्यालयात आल्या आणि लेखापालांना म्हणाल्या, “साहेब, पैसा तं दर महिनाले कटतस, मंग खातामा काब्र नही?”

लेखापाल गोंधळले, कारण प्रत्येक बिलासोबत एजन्सी पीएफ भरल्याचे चलन जोडत होती आणि चलन आल्याशिवाय त्यांनी एकही बिल मंजूर केले नव्हते. चलने बनावट असतील असा संशय आधी आला. पण पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकले की त्या कोडवर कोणत्या महिन्यासाठी किती रक्कम, किती माणसांसाठी, कोणत्या तारखेला जमा झाली हे कोणालाही पाहता येते. तिथे चलनांचे क्रमांक तंतोतंत जुळले. चलने खरी होती.

खोट होती माणसांच्या संख्येत. एजन्सीची तीन ठिकाणी कामे चालू होती आणि एकूण माणसे शंभराच्या वर होती. चलनांवर मात्र साठ-एकसष्टच सदस्य दिसत होते. कधी एका ठिकाणची माणसे भरली जात, कधी दुसऱ्या ठिकाणची, आणि तेच एक चलन तिन्ही ग्राहकांच्या बिलांना जोडले जाई. चलनासोबत सदस्यांच्या नावांची आणि यूएएन क्रमांकांची जी यादी असते, ती एजन्सीने कधी दिली नाही आणि रुग्णालयाने कधी मागितली नाही. यादी तपासल्यावर चित्र स्पष्ट झाले. २१ महिन्यांपैकी १३ महिने रुग्णालयातल्या एकाही कामगाराचा पीएफ भरलेला नव्हता. उरलेल्या आठ महिन्यांत भरला होता, पण १२,००० ऐवजी ७,००० रुपये वेतन दाखवून. ईएसआयची वर्गणी दहा महिने भरलेली नव्हती.

दरम्यान फेब्रुवारी आणि मार्च २०२३ चे पगार अडकले. एजन्सीचा मालक ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहिला, मग फोन उचलेनासा झाला. खान्देशात आखाजी म्हणजे लेकींनी माहेरी येण्याचा सण. घरात पैसा नाही आणि सण दारात, अशा वेळी सकाळच्या पाळीची सगळी माणसे गेटसमोर बसली. वॉर्ड झाडले गेले नाहीत, जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या मजल्यावरच राहिल्या. प्रशासक साहेबांनी सांगितले, “तुमचा पगार एजन्सी देते, आमच्याकडे काय मागता?” त्यावर एका वॉर्डबॉयने विचारले, “काम तुम्हना दवाखानामा, मंग पगार कोनकडे मांगो?” कायद्यानेही प्रश्न हाच होता.

कायदा कोणाला धरतो

त्या वेळी चार जुने कायदे लागू होते आणि चौघांचीही मांडणी एका दिशेने जाते. पहिली जबाबदारी ठेकेदाराची, पण त्याने देणे चुकवले तर ज्याच्या आवारात काम चालते तो मूळ मालक कामगाराला देणे लागतो आणि मागाहून ठेकेदाराकडून वसूल करतो. ‘आमचा संबंध राहणार नाही’ हे करारातले कलम रुग्णालय आणि एजन्सी या दोघांपुरते बोलते. कामगार किंवा पीएफ कार्यालय त्या कराराचे पक्षकार नाहीत, त्यामुळे त्यांच्यासमोर त्याला वजन नाही. वसुलीच्या दाव्यात तेवढा त्याचा उपयोग होतो, आणि तोही एजन्सीकडे पैसा असेल तर.

कंत्राटी कामगार कायदा, १९७० च्या कलम २१(४) मध्ये वेतनाबद्दल हे सरळ लिहिले होते. रुग्णालयाच्या नेहमीच्या वकिलांचा मुद्दा असा होता की महाराष्ट्राने या कायद्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेली आहे, आपल्याकडे ४४ आहेत, म्हणजे कायदाच लागू नाही. मुद्दा वरवर बरोबर होता. पण मोजणी एका ठेकेदाराची होत नाही. आस्थापनेत सगळ्या ठेकेदारांची मिळून किती माणसे आहेत हे पाहिले जाते, आणि मागच्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी संख्या ५० वर गेली असली तरी पुरते. रुग्णालयाचे स्वयंपाकघर वेगळ्या ठेकेदाराकडे होते आणि तिथे नऊ माणसे होती. ४४ आणि ९ मिळून ५३. कायदा लागू होता आणि रुग्णालयाने मूळ मालक म्हणून नोंदणी केलेली नव्हती. स्वयंपाकघर हा ‘मनुष्यबळ’ नसून ‘केटरिंग’चा करार असल्याने तो या संदर्भात कोणाच्या डोक्यात आलाच नव्हता.

समजा संख्या ५० च्या खाली असती, तरी सुटका नव्हती. किमान वेतन कायद्यात ‘मालक’ या शब्दात दुसऱ्यामार्फत माणूस कामाला लावणाराही येत होता. पीएफ योजनेच्या परिच्छेद ३० प्रमाणे ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराची वर्गणी, कामगाराच्या हिश्शासकट, भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. ईएसआय कायद्याच्या कलम ४० मध्येही हेच होते. या दोन्हींना ५० ची मर्यादा लागत नाही.

पीएफच्या बाबतीत एक बचाव शिल्लक होता. एजन्सीला स्वतःचा पीएफ कोड होता. अशा वेळी आधी एजन्सीला धरावे, असे काही न्यायालयीन निकाल आहेत. त्यामुळे हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, आणि पर्याय तोलताना तो शेवटपर्यंत टेबलावर राहिला.

तोललेले पर्याय

विश्वस्तांच्या बैठकीत तीन वाटा चर्चेला आल्या.

एक, काहीच न देता एजन्सीवर दावा लावायचा आणि कामगारांना तिकडे पाठवायचे. वकिलांचा कल या बाजूला होता. पण दाव्याला वर्षे लागतात, वॉर्ड उद्या सकाळी झाडायचे असतात. शिवाय कामगार उपायुक्तांकडे किंवा पीएफ कार्यालयाकडे तक्रार गेली की पैसा मूळ मालकाकडूनच मागितला जाणार, वर व्याज चढत जाणार.

दोन, एजन्सी बदलायची, नवीन माणसे आणायची आणि जुन्या कामगारांचा विषय जुन्या एजन्सीबरोबर सोडून द्यायचा. हा पर्याय एका विश्वस्तांनी मनापासून मांडला होता. मी त्याला विरोध केला. थकबाकी माणसाबरोबर जात नाही, ती आस्थापनेवर राहते. वर आठ-दहा वर्षे शस्त्रक्रियागृह धुणाऱ्या बायकांना काढून तिथे नवखी माणसे लावणे हे रुग्णांच्या दृष्टीनेही वाईट.

तीन, वेतन ताबडतोब द्यायचे, पीएफ-ईएसआयची थकबाकी चौकशीत मान्य करून भरायची, आणि एजन्सीची थांबवलेली बिले व अनामत यांतून जेवढे निघेल तेवढे वळते करून घ्यायचे.

तिसऱ्या वाटेवर एक भीती सगळ्यांना होती. पगार आपण थेट दिला तर उद्या हीच माणसे ‘आम्ही रुग्णालयाचे कायम कामगार’ म्हणून उभी राहतील. ही भीती अनेक व्यवस्थापनांना मूळ मालकाचे कर्तव्य पार पाडण्यापासून अडवते. कायद्याने आपल्यावर टाकलेले वेतन दिले म्हणून कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही. स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये असे स्पष्ट केले आहे की कंत्राटी पद्धतीला बंदी आली तरीही कामगार आपोआप सामावले जात नाहीत. ठेका नावापुरता आहे का, हा प्रश्न वेगळा असतो. कोण काम सांगतो, कोण रजा देतो, कोण काढतो यावर तो ठरतो. पगाराच्या एका चेकवर ठरत नाही.

केलेली कार्यवाही

वेतन सरकारी कामगार अधिकाऱ्यांना कळवून आणि त्यांच्या समक्ष दिले गेले. प्रत्येकाच्या बँक खात्यात महिन्याचे १०,४७० रुपये जमा केले. १२,००० मधून कामगाराचा पीएफ हिस्सा १,४४० आणि ईएसआयचा ९० वजा जाता ही रक्कम उरते. पावतीवर ‘एजन्सीने वेतन न दिल्याने कलम २१(४) अन्वये मूळ मालकाकडून’ असे लिहिले. दोन महिन्यांचे ४४ जणांचे मिळून ९,२१,३६० रुपये झाले. एजन्सीची त्याच दोन महिन्यांची ११,४४,००० रुपयांची बिले थांबवलेली होती, त्यातून हे वळते केले.

पगार देतानाच आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ती कोणत्याही कागदात सापडली नसती. सुपरवायझर त्या दिवशी हजर नव्हता. एका सफाई कामगार ताईंनी विचारले, “यातले चौदाशे सत्तर परत कोणाला द्यायचे?” आधी कोणाला कळेना. मग एकामागून एक सगळे बोलू लागले. एजन्सी बँकेत पूर्ण १०,४७० जमा करत असे आणि महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास सुपरवायझर प्रत्येकाकडून १,४७० रुपये रोख परत घेई. जो देणार नाही त्याला पुढच्या महिन्यात पाळी मिळत नसे. बँकेचा उतारा, वेतनचिठ्ठी आणि वेतनपट तिन्ही निर्दोष होते, आणि माणसाच्या हातात ९,००० च पडत होते.

कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(२) मध्ये वेतनवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा प्रतिनिधी हजर हवा आणि त्याने रक्कम प्रमाणित करायला हवी, अशी तरतूद होती. बँकेतून पगार होऊ लागल्यापासून ही तरतूद कालबाह्य झाली असे समजले जाते. मला तसे वाटत नाही. प्रतिनिधीने नोटा मोजाव्यात एवढाच तिचा अर्थ नाही. कामगाराला किती मिळाले हे ठेकेदाराच्या माणसाच्या अपरोक्ष विचारणे हे तिचे आजचे रूप आहे.

पीएफ कायद्याच्या कलम ७ए खाली चौकशी सुरू झाली. थकबाकीचा हिशेब असा होता: एका कामगाराचे दोन्ही हिस्से मिळून महिन्याला ३,००० रुपये. १३ महिन्यांचे ४४ जणांचे १७,१६,०००. उरलेल्या आठ महिन्यांत ५,००० रुपये वेतन लपवल्याने माणशी १,२५० रुपये कमी पडले होते, त्याचे ४,४०,०००. एकूण २१,५६,०००. रुग्णालयाने एजन्सीच्या स्वतंत्र कोडचा मुद्दा नोंदवून ठेवला, पण त्यासाठी सुनावण्या लांबवल्या नाहीत. रक्कम तीन हप्त्यांत भरली. कारण साधे होते. कलम ७क्यू प्रमाणे वर्षाला १२ टक्के व्याज चालूच राहते आणि १४बी ची नुकसानभरपाई उशिराच्या काळानुसार वाढते. व्याजच तीन लाखांच्या आसपास गेले.

इथे काही जणांनी सुचवले की यातला कामगारांचा हिस्सा तरी त्यांच्या पुढच्या पगारांतून कापावा. योजनेच्या परिच्छेद ३२ प्रमाणे ज्या काळाची वर्गणी, त्याच काळाच्या वेतनातून ती कापता येते. मागची थकबाकी कामगाराकडून वसूल करता येत नाही. शिवाय एजन्सीने ती एकदा कापलेली होतीच. कापलेला पीएफ न भरणे हा त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत विश्वासघाताचा गुन्हा मानला गेला होता. त्यानुसार पोलिसांत एजन्सीविरुद्ध तक्रारही दिली.

निष्पत्ती

ईएसआयची दहा महिन्यांची थकबाकी २,११,२०० रुपये होती, तीही भरली. बिलांतली शिल्लक आणि अनामत मिळून रुग्णालयाच्या हातात ५,२२,६४० रुपये उरले. पीएफ, ईएसआय आणि व्याज मिळून गेले साधारण २६ लाख ७० हजार. म्हणजे एकवीस लाखांच्या वर रक्कम संस्थेच्या तिजोरीतून गेली. तिचा वसुली दावा चालू आहे. एजन्सीच्या नावावर भाड्याचे कार्यालय आणि एक जुनी गाडी यापलीकडे काही सापडलेले नाही.

विश्वस्तांना मी आणखी एक बेरीज दाखवली. दोन निविदांतला माणशी ३,८०० रुपयांचा फरक, ४४ माणसे, २१ महिने: ३५,११,२०० रुपये. ही रक्कम ‘बचत’ म्हणून वार्षिक सभेत सांगितली गेली होती. त्यातला मोठा भाग पासबुकातून गायब झालेल्या रकमेएवढा आहे. बचत म्हणून जे दिसत होते ते कामगारांचे न भरलेले पैसे होते.

सगळे नुकसान पैसे भरून निघाले नाही. सफाई विभागातल्या एका तरुण ताईंची प्रसूती नेमकी त्या दहा महिन्यांच्या खंडानंतर झाली. ईएसआयमध्ये प्रसूतिलाभासाठी ठरावीक काळात किमान ७० दिवसांची वर्गणी लागते. नोंद नसल्याने त्यांचा २६ आठवड्यांचा दावा नाकारला गेला आणि बाळंतपणासाठी त्यांनी सावकाराकडून पैसे घेतले. वर्गणी मागाहून भरल्यावर दावा पुन्हा दाखल केला. अशा प्रसंगी महामंडळ लाभ देऊन मालकाकडून जादा वसूल करू शकते, अशी ईएसआय कायद्याच्या कलम ६८ मध्ये तरतूद होती. त्यानुसार पाठपुरावा केला आणि पैसे मिळाले, पण तोवर मूल रांगायला लागले होते.

रोख परत घेतलेल्या १,४७० रुपयांबाबत विश्वस्त आणि मी यांच्यात एकमत झाले नाही. ती किमान वेतनातली तूट होती. त्या वेळच्या किमान वेतन कायद्याखाली अर्जाला सहा महिन्यांची मुदत होती आणि त्यापुढच्या विलंबाचे कारण द्यावे लागे. या आधारावर रुग्णालयाने सहा महिन्यांचे ३,८८,०८० रुपये दिले आणि आधीचे नाकारले. माझे म्हणणे होते की १९ महिन्यांचे सगळे द्यावे. दमदाटी करून घेतलेल्या पैशांची तक्रार वेळेत झाली नाही, हे विलंबाचे पुरेसे कारण आहे. कामगारांनी मिळाले ते घेतले. बोनसचा वाद अजून एजन्सीच्या नावावरच आहे.

नोंदणी नसल्याबद्दलही कारवाई झाली. तिचा दंड त्या वेळी किरकोळ होता, पण त्यानंतर दर तपासणीत तुमची फाइल आधी उघडली जाते.

काय वेगळे करता आले असते

निर्णयाचे खरे क्षण दोन होते. पहिला निविदा उघडताना. नव्या निविदेत रुग्णालयाने दर घटकांत मागितला: किमान वेतन, मालकाचा पीएफ, ईएसआय, बोनस, रजा, बदली माणूस, साहित्य, आणि शेवटी एजन्सीचा सेवाशुल्क. वरचे रकाने कायद्याने ठरलेले असल्याने ते सगळ्यांचे जवळजवळ सारखेच येतात. स्पर्धा उरते ती शेवटच्या रकान्यात. विशेष भत्ता वाढला की दर आपोआप वाढेल, असेही करारात लिहिले. ते नसेल तर पहिल्याच वाढीला एजन्सी तोट्यात जाते आणि वाचवण्याची जागा पुन्हा तीच सापडते.

दुसरा क्षण दर महिन्याचे बिल मंजूर करताना येत होता. लेखापालांनी चलन मागितले होते, हे चांगलेच होते. पण चलनाची एकूण रक्कम काही सांगत नाही. पीएफ योजनेच्या परिच्छेद ३६बी प्रमाणे ठेकेदाराने महिना संपल्यावर सात दिवसांत कामगारनिहाय वर्गणीचे विवरण मूळ मालकाला द्यायचे असते. ते मागण्याचा हक्क पहिल्यापासून होता. आता हजेरीपट आणि ती यादी नाव आणि यूएएन धरून जुळवली जाते. ४४ नावे, तासाभराचे काम. दर तीन महिन्यांनी पाच-सहा कामगारांना लेखापाल स्वतः बोलावतात, मोबाइलवर पासबुक पाहतात आणि हातात किती पडते ते विचारतात. सुपरवायझर त्या वेळी खोलीत नसतो. अनामतीच्या जागी दोन महिन्यांच्या वेतनाएवढी बँक हमी घेतली आहे.

सुरक्षारक्षकांबद्दल एक जादा खबरदारी राहून गेली होती. एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी कायदा, २००५ चा परवाना होता, आणि तो पाहून सगळे निर्धास्त झाले. महाराष्ट्रात सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा स्वतंत्र कायदा आणि मंडळे आहेत. एजन्सीमार्फत रक्षक ठेवायचे तर त्या कायद्याखालची सूट आहे का, हे वेगळे तपासावे लागते. नव्या कराराच्या वेळी ते तपासले गेले.

सध्याची स्थिती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कंत्राटी कामगारांची मर्यादा व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ५० च आहे आणि ठेकेदाराने वेतन न दिल्यास मूळ मालकाने द्यायचे, हे तिच्या कलम ५५ मध्ये कायम आहे. वेतन संहितेच्या कलम ४३ मध्ये तर ५० ची अट न घालता, मालकाने वेतन चुकवल्यास ज्याच्या आस्थापनेत माणूस काम करतो त्याच्यावर जबाबदारी टाकली आहे. म्हणजे २०२३ मध्ये वकिलांनी मांडलेला ‘आमच्याकडे ४४ च आहेत’ हा मुद्दा आज आणखी कमजोर आहे. सफाई आणि सुरक्षा ही कामे संहितेने साधारणपणे मुख्य कामाच्या बाहेर ठेवली आहेत, त्यामुळे ती ठेक्याने देता येतात. वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्त्यांच्या नावाखाली निम्म्याहून अधिक रक्कम दाखवली तर जादा भाग वेतनातच धरला जातो. दराचा तक्ता त्यानुसार पुन्हा मांडावा लागेल आणि रुग्णालयाच्या पुढच्या निविदेचे ते काम सध्या चालू आहे.

४४ पैकी ३९ जण नव्या एजन्सीकडे त्याच जागी कामावर आहेत. आक्कांच्या खात्यात सगळे महिने भरले गेले, पण आधार कार्डावर आणि पीएफच्या नोंदीत त्यांच्या नावाचे स्पेलिंग वेगळे निघाले, त्यामुळे उचल अडली होती. संयुक्त घोषणापत्र भरून ते दुरुस्त करून घेतले. एजन्सी सोडून गेलेल्या माणसांपैकी चौघांचा पत्ता लागलेला नाही. त्यांचे पैसे त्यांच्या यूएएनवर जमा आहेत, मोबाइल क्रमांक मात्र बंद लागतात.